दागिन्यांच्या फोटोओळी अडल्या आहेत, मदत हवी

शब्दखूळ: एका दिवाळी अंकाच्या फॅशनच्या पानांसाठी पाच फोटोंच्या ओळी लिहितेय: चोकर, झुमके, कडं, कफ आणि कानात तळहाताएवढी पितळी वर्तुळं. संपादकांनी मजकूर परत पाठवला, ‘आकर्षक’ चारदा आलंय म्हणून. झुमक्याची ओळ अशी होती: ‘आकर्षक सोनेरी झुमके पेहरावाला पारंपरिक स्पर्श देतात.’ यातून काहीच दिसत नाही हे मलाही कळतंय. शिवाय चोकर म्हणून आलेला दागिना मला ठुशी वाटतो. काय लिहू?

कोल्हापूरकर: ठुशीच लिहा. चोकर म्हणजे परदेशी पट्टा.

सोनारआळी: ताई, आमचं घर याच धंद्यातलं. चोकर हे नाव दागिना गळ्यालगत बसतो त्यावरून पडलं, ठुशी हे तिच्या घडणीवरून. सोन्याचे मणी अगदी खेटून ओवलेले दिसतात का बघा. तसं असेल तर ठुशी लिहा. मोत्यांच्या चौकटी शेजारी शेजारी असतील तर ती चिंचपेटी. दोन्ही गळ्यालगतच बसतात, त्यामुळे चोकर म्हणणं चूक नाही, पण ओळखू येत असताना खरं नाव का सोडायचं?

झुमक्यात घुमट कुठवर येतो आणि खाली काय हलतं, ते सांगा. सोनेरी रंग फोटोत दिसतोच.

रेवती७७: झुमक्यांनी माझ्या कानाची भोकं ओघळलीत. वेल लावले तर भार कमी होईल का?

सोनारआळी: होतो, थोडा भार केसांवर जातो. पण ओघळलेलं भोक त्याने भरून येत नाही. ताई, तुमच्या फोटोत वेल असतील तर तेही लिहा. कानामागून केसांत गेलेली मोत्यांची रेघ छान दिसते.

निळीशाई: कफ म्हणजे रुंद कडंच ना?

सोनारआळी: रुंदीवर जाऊ नका. कफला एका बाजूला फट असते, तो मनगटावर आडवा सरकवतात. कडं हातातून चढवतात, नाहीतर पेच काढून उघडतात.

कोल्हापूरकर: हत्तीमुखी कडी उघड्या तोंडाची असतात की!

सोनारआळी: असतात, आणि त्यांना कडंच म्हणतात. तिथे माझा नियम तुटतो. मी अशा वेळी दोन मुखं समोरासमोर आहेत एवढं लिहीन. कफ कानातलाही असतो, म्हणून ‘मनगटावरचा कफ’ लिहा.

शब्दखूळ: आभार! फोटो मोठा करून पाहिला. मणी खेटून आहेत, म्हणजे ठुशीच. झुमक्याची नवी ओळ: ‘घुमट जबड्याच्या रेषेपर्यंत उतरलेला, त्याखाली तांदळाएवढ्या मोत्यांची झालर, मान वळली की तीच आधी हलते.’

पितळी वर्तुळांना ‘स्टेटमेंट इअरिंग्ज’च म्हणू का?

निळीशाई: ‘ठसठशीत कानातली’ म्हणा.

सोनारआळी: ठसठशीत तर कुडीही असते. ‘खांद्याला टेकणारी पितळी वर्तुळं, गळा मोकळा’ असं लिहिलं तर?

निळीशाई: मथळ्यात एवढं बसणार कसं?