उत्तर: फ्लिंटचं पाणी आणि वगळलेले दोन नमुने

> फ्लिंटच्या पाण्याची बातमी देणाऱ्या कर्ट गायेटचं कौतुक ठीक, पण शिसं तर शास्त्रज्ञांनी शोधलं. त्यात पत्रकाराने नेमकं काय केलं?

अमेरिकेतल्या फ्लिंट शहराच्या पाण्यातलं शिसं मोजलं प्रयोगशाळेने, हे खरंच. पण सरकारी अहवालात ते का दिसत नव्हतं, हे गायेटने कागदपत्रं उकरून दाखवलं, आणि अभिनंदन त्याचंच. 2015 च्या पहिल्या सहामाहीत तिथे 71 घरगुती नमुने घेतले होते. तेव्हा नियम असा होता की आकडे चढत्या क्रमाने लावायचे आणि नव्वद टक्क्यांच्या जागी येणारा आकडा लिटरला 15 मायक्रोग्रॅमच्या वर गेला की कारवाई करायची. शेवटच्या अहवालात नमुने उरले 69. गळालेले दोन होते 104 आणि 20 चे. तेवढ्याने निकाल 11 वर उतरला! शिवाय नमुना घेण्याच्या आदल्या रात्री नळ काही मिनिटं वाहू द्या, अशी सूचना घरोघरी दिलेली होती. त्यामुळे नळीत साचलेलं शिसं आधीच वाहून जातं आणि सकाळच्या बाटलीत आकडा कमी येतो.

डेट्रॉइट शहराचं पाणी सोडून नदीच्या पाण्यावर गेलेलं फ्लिंट 16 ऑक्टोबर 2015 ला पुन्हा डेट्रॉइटच्या पाण्यावर गेलं. त्या पाण्यात ऑर्थोफॉस्फेट असतं, ते नळीच्या आत पातळ थर धरतं आणि शिसं पाण्यात उतरू देत नाही. नदीच्या पाण्यात ते घातलंच नव्हतं, म्हणून जुना थर सुटला होता. नवा थर धरायला महिने लागतात, त्यामुळे पाणी बदललं तरी घरच्या नळांवरचे फिल्टर काढता आले नाहीत. शिशाच्या नळ्या बदलणं हे तर वेगळंच, वर्षानुवर्षांचं काम.