शब्दचर्चा: एमपीएलएसच्या ‘लेबल’ला मराठीत काय म्हणावं?

देवगडकर: पोरांना नेटवर्किंग शिकवतो, सध्या एमपीएलएस, म्हणजे पॅकेटला छोटं लेबल लावून त्यावरूनच ते पुढे पाठवायची पद्धत. लेबलला मी ‘मार्का’ म्हटलं, आंब्याच्या पेटीवर असतो तसा, हमाल काय पूर्ण पत्ता वाचत बसत नाही, मार्का बघून पेटी गाडीत टाकतो. तर एका पोरीने विचारलं, सर मग हा मार्का वाटेत प्रत्येक ठिकाणी बदलतो कसा? तिथे अडकलो. दुसरा शब्द सुचवा.

सड्यावरचा: ‘पत्ताचिठ्ठी’ म्हणा की. लेबल म्हणजे आयपी पत्त्याचंच छोटं रूप, 32 बिटांऐवजी 20.

खाडीपलीकडे: 20 बिटं बरोबर, पण छोटं रूप नाही हो, त्यात पत्त्याचा अंशही नसतो. धरा, रत्नागिरीहून पॅकेट मुंबईला 10.20.5.7 कडे चाललंय, वाटेत चिपळूण आणि पनवेलचे राउटर. चिपळूणने रत्नागिरीला आधीच कळवलेलं असतं की 10.20.0.0/16 चं काही असेल तर 24 हे लेबल लावून दे, आणि पनवेलने चिपळूणला सांगितलेलं असतं 31. रत्नागिरी पत्ता एकदा बघतो नि 24 लावतो. चिपळूणकडे ही ओळ:

```
Local  Outgoing  Prefix
24     31        10.20.0.0/16
```

तो थेट 24 ची ओळ उघडतो, 31 लावतो, पुढे ढकलतो. पत्त्यावरून शोधायचं तर /8 पण जुळते, /16 पण, त्यातली सगळ्यात लांब जुळणारी निवडावी लागते, 24 ला मात्र एकच ओळ. पनवेल तर मुंबईच्या सांगण्यावरूनच लेबल काढून टाकतो, मुंबई परत पत्ता बघते. आणि हा 24 फक्त रत्नागिरी-चिपळूणपुरता, दुसरीकडे त्याच 24 चा अर्थ वेगळा. म्हणून ‘पत्ता’ शब्द नकोच.

कोकमवाली: मला वाटलं बाटलीच्या लेबलाबद्दल आहे, आमच्या आगळासाठी छापायचंय. तरी सांगते, बाटलीचं लेबल वाटेत कोणी बदललं तर ती फसवणूक. चिठ्ठी बदलली तर कोणाला काही वाटत नाही. नुसतं ‘चिठ्ठी’ म्हणा.

सड्यावरचा: हे सगळं वेगासाठीच ना?

खाडीपलीकडे: सुरुवातीला तो एक हेतू होता. आता पत्ता शोधायचं काम हार्डवेअरच झटक्यात करतं, वेगाचा फरक राहिला नाही, वापर जास्त व्हीपीएनसाठी. तिथे दोन लेबलं, बाहेरचं बदलत जातं, आतलं ग्राहकाचं शेवटपर्यंत तेच. त्या आतल्याला तुमचा मार्का चपखल बसतो. गेल्या पावसात आमच्या एका लिंकवर एलडीपी, म्हणजे राउटर एकमेकांना लेबलं कळवतात तो प्रोटोकॉल, बंद पडला पण राउटिंग चालू, साधा पिंग मस्त जायचा आणि ग्राहकांचं व्हीपीएन मेलेलं. `show mpls forwarding-table` मारलं तर त्या ओळीत `No Label`. बाहेरची चिठ्ठीच नाही म्हटल्यावर ग्राहकाचं पॅकेट पलीकडच्या टोकाला पोचलंच नाही.

देवगडकर: म्हणजे आत मार्का, बाहेर चिठ्ठी, हे पोरांना लगेच कळेल. पण वाटेत लेबल बदलतात त्या स्वॅपला काय? ‘बदली’ म्हटलं की मास्तरांची बदली आठवते.

कोकमवाली: चिठ्ठी पालटली.

सड्यावरचा: ‘पालटणे’ म्हणजे उलटवणे पण होतं ना. मी तरी स्वॅपच म्हणेन.