थ्रस्ट स्टँडवर प्रॉपची तुलना: समान थ्रॉटलला की समान थ्रस्टला?

फिरकी_नाशिक: ५ किलोचा लोड सेल आणि एचएक्स७११ लावून स्टँड बनवलाय. २२१२ मोटर १००० केव्ही, ३एस बॅटरी. ५० टक्के थ्रॉटलला १०×४.५ ने ४८ वॅटमध्ये ४०० ग्रॅम दिले, १०×६ ने ६० वॅटमध्ये ४४० ग्रॅम. क्वाड १६०० ग्रॅमचा आहे. माझं मत, जास्त पिचवालाच घ्यावा. पटतंय का? पुढे ९२० केव्ही मोटरही तपासायचीय.

सोल्डरमास्तर: नाही पटत. १६०० ग्रॅमचा क्वाड हवेत स्थिर ठेवायला प्रत्येक मोटरला ४०० ग्रॅमच लागणार, वरचे ४० ग्रॅम तिथे कोणी मागितलेच नाहीत. म्हणून १०×६ चा थ्रॉटल कमी करत ४०० ग्रॅमवर आण आणि तिथले वॅट बघ. मोजल्याशिवाय खात्रीने नाही सांगत, पण वॅट साधारण थ्रस्टच्या दीड घाताने चढतात, त्या हिशोबाने ५२ च्या आसपास येतील. म्हणजे तुझ्या आकड्यात २५ टक्के जास्त दिसतात ते खरे ८ टक्केच. ६ पिच दिसतोय तेवढा खादाड नाही, पण तुझ्या कामाला ४.५ च बरा, चार मोटरचे मिळून १६ वॅट वाचतात.

थेट_गगन: कागदावर छान आहे हो मास्तर. पण वाऱ्यात क्वाड तिरका झाला की सावरायला फुल थ्रॉटलचा थ्रस्ट लागतो, तेव्हा वॅट कोण बघतो. वजनाच्या दुप्पट थ्रस्ट निघाला पाहिजे, बस. मी तर फक्त १०० टक्क्याचा आकडा बघतो, बाकी ग्राफ शोभेचे.

सोल्डरमास्तर: दुप्पटचं मान्य, ती अट दोन्ही प्रॉपना लावाच. पण फुल थ्रॉटलला बॅटरीचा व्होल्टेज दबतो. पहिला प्रॉप भरलेल्या बॅटरीवर आणि दुसरा त्याच अर्ध्या उतरलेल्या बॅटरीवर चालवला तर तुम्ही प्रॉप नाही, बॅटरी मोजताय. शेवटी पहिला प्रॉप परत लावून बघा, आकडा खाली आला तर समजा.

किचनवाले_काका: एवढा खटाटोप कशाला? मी किचनमधल्या वजनकाट्यावर मोटर उभी करून हवा वर फेकतो आणि वजन वाढलं की तो थ्रस्ट. मस्त चालतं.

सोल्डरमास्तर: काका, हवा वर फेकताय हे बरोबर, खाली फेकली असती तर टेबलावर आपटून आकडा बिघडला असता. पण बरेचसे काटे हळूहळू वाढणारं वजन स्वतःच शून्य धरून टाकतात, त्यामुळे थ्रॉटल सावकाश वाढवला की थोडा थ्रस्ट गिळला जातो. झटपट अंदाजाला ठीक, दोन पिचमधला फरक काढायला नाही.

विमानवाला: माझ्या फोम विमानावर १०×७ आहे, स्टँडवर १०×४.५ पेक्षा वाईट दिसला आणि उडताना वेग मात्र जास्त. लोड सेल खोटं बोलतो का?

सोल्डरमास्तर: खोटं नाही बोलत, त्याला विमान जागेवर उभं आहे एवढंच माहीत. उभ्या हवेत जास्त पिचच्या पात्याचा काही भाग स्टॉल होतो, विमान पुढे गेलं की तेच पातं नीट काम करायला लागतं. ४.५ इंच पिच ८००० आरपीएमला सेकंदाला जेमतेम १५ मीटर पुढे सरकेल, त्या वेगाच्या आसपास त्याचा जोर संपत आलेला असतो.

फिरकी_नाशिक: मग ९२० आणि १००० केव्हीची तुलना कशी करू? आणि माझा शून्य टेस्टनंतर १२ ग्रॅमवर राहतो, तो कुठला?

सोल्डरमास्तर: प्रॉपला कोणती मोटर फिरवतेय ते कळत नाही, समान आरपीएमला थ्रस्ट तोच येणार. म्हणून ऑप्टिकल टॅकोमीटर घे, दोन्हींवर १०×४.५ लावून ५००० आरपीएमला वॅट बघ, उरलेला फरक मोटर-ईएससीचा. स्टँडचीही परीक्षा यातच होते, थ्रस्टला आरपीएमच्या वर्गाने भागलं की भागाकार जवळपास सारखा यायला हवा. खालच्या थ्रॉटलला तो भरकटला तर दोष स्टँडचा. १२ ग्रॅम उरताहेत म्हणजे बहुतेक मोटरच्या तारा स्टँडच्या हाताला ओढतायत नाहीतर स्क्रू सरकतोय, तारा फिरणाऱ्या सांध्याजवळून सैल ने. आणि कॅलिब्रेशनचं ५०० ग्रॅमचं वजन सेलवर नको ठेवू, मोटरच्या शाफ्टला दोरा बांधून पुलीवरून लटकव, हाताच्या लांबीचं गणित आपोआप त्यात येतं. पुण्यात नि मुंबईत मोजलेले आकडे मात्र शेजारी ठेवू नको, पुण्याची हवाच पाच-सहा टक्के विरळ.

थेट_गगन: वाऱ्यात पुढे उडताना मात्र ६ पिच जिंकेल, मी पैज लावतो.

सोल्डरमास्तर: जिंकूही शकेल, ते स्टँडवर कळणार नाही. एकाच बॅटरीवर दोन्ही उडवून एमएएच मोजा, मग बोलू.