अनुभव धागा : फ्रेंचमध्ये आमंत्रण नाकारताना

परिषदेचं किंवा जेवणाचं आमंत्रण फ्रेंचमध्ये आलं आहे, जाता येणार नाही, पण माणसं दुखवायची नाहीत. अशा वेळी नेमकं काय लिहावं, कुठे चुकतं, हे जाणकारांनी इथे नोंदवावं. उच्चार देवनागरीत दिले तरी चालतील.

भाषांतरकार

सुरुवात एका नमुन्याने करतो. लियोंमध्ये दोन दिवसांचं चर्चासत्र आहे, पुण्याच्या संशोधिकेला निबंध वाचायला बोलावलं आहे आणि त्याच आठवड्यात तिच्याकडे परीक्षा आहेत. पत्र पाच वाक्यांत संपतं.

आधी आभार : 'झ व्हू रमेर्सी व्हिव्हमाँ द व्होत्र अँव्हितास्यों ओ कोलोक द लियों.' मग इच्छा : 'झोरे एमे इ पार्तिसिपे', म्हणजे भाग घ्यायला आवडलं असतं. मग कारण, एकच : 'मे अँनाँगाझमाँ प्री द लोंग दात म रतियँ आ पुणे सेत समेन-ला', खूप आधी ठरलेल्या कामामुळे त्या आठवड्यात पुण्यातच थांबावं लागतंय. मग नकार : 'झ न पुरे दोंक पा एत्र दे व्होत्र', त्यामुळे तुमच्यात असू शकणार नाही. शेवटी शुभेच्छा : 'झ स्वेत अँ प्लँ स्युक्से आ से झुर्ने.'

क्रम असाच का? नकार चौथा आला की वाचणाऱ्याला तो आभार आणि इच्छा यांच्या मागून भेटतो. पण पाचव्या वाक्याच्या पुढे तो ढकलू नये. आयोजकाला कार्यक्रमपत्रिका लावायची असते, 'येणार की नाही' हे शोधावं लागलं तर तो वैतागतो.

सदाफुली

मला वाटतं नकारही सौम्य करावा. 'पुरे'च्या शेवटी एस लावला की ते 'शकेन' ऐवजी 'शकलो असतो'सारखं नम्र रूप होतं. वर्गात आम्हाला नम्रतेसाठी तेच रूप शिकवलं होतं.

भाषांतरकार

सदाफुली, नियम बरोबर आहे, जागा चुकली. विनंती करताना ते रूप नम्र वाटतं. नकारात तेच रूप आलं की अर्थ होतो, 'मला जमणार नाही, जर...'. वाचणारा पुढच्या 'जर'ची वाट पाहतो. प्रवासखर्च दिला तर येतील का, तारीख बदलली तर येतील का, असं त्याला वाटू लागतं आणि तो पुन्हा विचारतो. मग दुसऱ्यांदा नाही म्हणावं लागतं, आणि ते जास्त बोचतं.

म्हणून सगळी हळवी, अटीची क्रियापदं इच्छेच्या वाक्यात घाला ('झोरे एमे'मध्ये तो एस हवाच) आणि नकार साध्या भविष्यकाळात, एस न लावता लिहा. बोलताना पुष्कळ लोकांच्या तोंडी दोन्ही जवळपास सारखेच ऐकू येतात, त्यामुळे कानाने शिकलेल्यांची ही चूक लिहिताना उघडी पडते. पाठवण्याआधी तेवढं एक अक्षर तपासा.

पानगळ

माझा प्रश्न जेवणाचाच आहे. ताटात वाढायला आले की मी 'मेर्सी' म्हणते आणि पुढचं काही मिळत नाही! नकार कसा द्यायचा ते नको, होकार कसा द्यायचा ते सांगा.

मुळाकाठ

पानगळ, हा धागा आमंत्रणाचा आहे, पण तुमचा मुद्दा त्याला लागून आहे. कोणी काही देऊ करत असताना नुसतं 'मेर्सी' आलं तर ते बहुधा 'नको, आभार' असं समजलं जातं. हवं असेल तर 'व्होलोंत्ये' किंवा 'आव्हेक प्लेझिर' म्हणा. आमंत्रणाच्या उत्तरातही हाच घोळ होतो. 'मेर्सी पुर लँव्हितास्यों' एवढंच लिहून थांबलात तर यजमानाला खुर्च्या किती मांडायच्या ते कळत नाही.

माझ्याकडून आणखी एक. इंग्रजीतून आलेले लोक 'हजर राहणे' म्हणून 'आताँद्र' लिहितात. त्याचा अर्थ वाट पाहणे. 'तुमच्या परिषदेची वाट पाहू शकणार नाही' असं पत्र जातं. हवा असतो तो शब्द 'आसिस्ते'. आणि 'कोंफेराँस' म्हणजे बरेचदा एकाच वक्त्याचं व्याख्यान. अनेकांचे निबंध असतील तर 'कोलोक', मोठं अधिवेशन असेल तर 'कोंग्रे'. आमंत्रणात जो शब्द आहे तोच उत्तरात उचला, म्हणजे चुकायला वाव राहत नाही.

वाटसरू

कारण सांगायचंच कशाला? 'जे अँनाँपेश्माँ', अडचण आली आहे, एवढं पुरतं. खोटं कारण देण्यापेक्षा बरं.

मुळाकाठ

कचेरीच्या किंवा संस्थेच्या आमंत्रणाला पुरतं, सभ्यही आहे, पुढे कोणी खोदून विचारत नाही. पण शेजाऱ्यांनी किंवा सहकाऱ्याने घरी जेवायला बोलावलं असेल तर तेवढंच कोरडं लागतं. तिथे आधी 'से त्रे झाँती', किती छान बोलावलंत, मग अडचण, आणि लगेच एक ठोस पर्याय : पुढच्या गुरुवारी कॉफी घेऊ या का? वार सांगितला की खरं वाटतं. 'स् ने क पार्ती रमीझ', म्हणजे भेट फक्त पुढे गेली आहे, हे वाक्य गोड आहे, पण पुन्हा भेटायची इच्छा असेल तरच वापरा.

वाटसरू

ज्येष्ठ प्राध्यापकांना 'पार्ती रमीझ' लिहावं का?

भाषांतरकार

मी लिहिणार नाही. पुढच्या भेटीचं आपणच ठरवून टाकल्यासारखं होतं.

मुळाकाठ

मला ते पटत नाही, ओळख असेल तर चालतं. पण औपचारिक पत्रात शेवट जपा. सुरुवातीला 'मादाम' लिहिलं असेल तर शेवटच्या लांब वाक्यातही तेच संबोधन परत यायला हवं : 'झ व्हू प्री दाग्रेए, मादाम, मे साल्युतास्यों दिस्तँगे.' सुरुवातीला एक आणि शेवटी दुसरंच, हे नमुना चिकटवल्याचं लक्षण. ईमेल असेल आणि आधी पत्रव्यवहार झाला असेल तर 'ब्यँ कोर्दियालमाँ' पुरे. घरच्या आमंत्रणात एकट्या मैत्रिणीला 'त्यू' म्हणत असलात तरी उत्तर तिला आणि तिच्या नवऱ्याला मिळून असेल तर 'व्हू'च येतं. तो आदर नसतो, अनेकवचन असतं.

मोंत्रियालकर

क्युबेकमध्ये एक वेगळीच गफलत होते. इथे रोजच्या बोलण्यात 'दिने' म्हणजे दुपारचं जेवण आणि रात्रीचं 'सुपे'. फ्रान्समध्ये 'दिने' रात्रीचं, दुपारचं 'देझने'. 'शनिवारच्या दिनेला जमणार नाही, संध्याकाळी काम आहे' असं उत्तर दिलं तर यजमान म्हणतात, 'मग दुपारी या ना.' नाकारण्याआधी तास विचारून घ्या. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडच्या फ्रेंच भागातही 'दिने' दुपारचं असतं.

सदाफुली

होकार देऊन झाल्यावर माघार घ्यायची असेल तर?

भाषांतरकार

तेव्हा इच्छेचं वाक्य गाळा, ते आता पोकळ वाटतं. पहिल्याच ओळीत 'झ स्वी कोंत्रँ द म देझिस्ते', माघार घेणं भाग आहे. लिहिणारी स्त्री असेल तर 'कोंत्रँत'. पुढे दिलगिरी आणि लगेच मदत : सहलेखक निबंध वाचेल, किंवा ध्वनिचित्रफीत कोणत्या तारखेपर्यंत पाठवेन. कार्यक्रम छापायच्या आत कळलं तर पत्र पुरतं, छापल्यावर आधी फोन करा आणि पत्र त्याच दिवशी पाठवा.