मदत हवी आहे: टेलरिंगच्या दुकानाचं घोषवाक्य कुठे कापू?

सुईदोरा
आईचं टेलरिंगचं छोटं दुकान आहे. ब्लाऊज, ड्रेस आणि अल्टरची कामं. पाटी नवीन करतोय, पिशव्यांवरही तीच ओळ छापायची आहे. ‘विश्वासाची परंपरा’ आणि ‘परफेक्ट फिटिंग’ आधीच बाद केलं. उरलेली ही तीन:

अ) अचूक माप, सुबक शिलाई, वेळेवर कपडे, हीच आमची ओळख
आ) एकदा शिवाल तर पुन्हा याल
इ) आज जे बसतं, ते उद्याही बसवून देऊ

तिसरी माझी. आई शिलाईत आत कापड सोडते, त्यामुळे कपडा घट्ट झाला की उसवून सैल करता येतो. पण ओळ काही तोंडात बसत नाही. काय उडवू?

अर्धाकप
यमक हवंच, त्याशिवाय लक्षात राहत नाही. ‘फिटिंग फिट, ग्राहक हिट’ कसं वाटतं? आणि स्वल्पविरामाच्या दोन्ही बाजूंना मात्रा सारख्या ठेवा.

पोपटी
पाटी पिवळी आणि अक्षरं लाल ठेवा, लांबून दिसतात. भावाच्या झेरॉक्सच्या दुकानाची तशीच केली. घोषवाक्य वगैरे कुणी वाचत नाही हो.

खडूफळा
बरीच वर्षं जाहिरातींच्या ओळी लिहितो आहे, म्हणून थोडं सविस्तर.

(अ) खाली शेजारच्या टेलरचं नाव घालून वाचा. काही बिघडतं का? नाही ना, मग ती ओळ तुमची नाही. ‘हीच आमची ओळख’ ही तर नुसती शेपटी, तीन दावे करून दम लागला म्हणून जोडलेली.

(आ) टेलरकडे माणूस ‘पुन्हा’ कधी येतो? बाही आखूड झाली की. शिवाय शिवणार तुम्ही, गिऱ्हाईक नव्हे. बाद.

(इ) मध्ये खरा माल आहे, कारण त्यात तुमच्या आईची सवय आहे. ‘जे’, ‘ते’ आणि ‘ही’ काढले, ‘बसवून देऊ’चं ‘बसवू’ केलं, की उरतं: ‘आज बसतं, उद्या बसवू’. दोन्ही तुकडे आखूड, ‘बस’ दोनदा येतो, यमकाची गरजच नाही. अर्धाकप म्हणतात तसं यमक मदत करतं, पण यमकाचा शब्द आधी सापडला की अर्थ त्याच्यामागे फरफटत जातो. ‘हिट’चं तेच झालंय.

अर्धाकप
‘हिट’ मागे घेतो. पण टेलरच्या पाटीवर ‘उद्या’?? गिऱ्हाईक तिथेच हसेल. ‘उद्या या’ ऐकूनच तर लोक वैतागलेत.

खडूफळा
पकडलंत! ही ओळ गेली.

सुईदोरा, आत सोडलेल्या कापडाला आई काय म्हणतात?

सुईदोरा
माया. ‘दीड बोट माया ठेव’ असं मदतनीस मुलीला सारखं सांगत असते.

खडूफळा
मग ओळ घरातच होती की. ‘माप चोख, आत माया.’

अर्धाकप
आवडली, पण मात्रा जुळत नाहीत. ‘माप चोख’ सहा, ‘आत माया’ सात.

खडूफळा
कागदावर सहा-सात, तोंडात नाही. बोलताना माप्, चोख्, आत् असं तुटतं. टाळी वाजवून म्हणा: माप, चोख, आत, मा-या. चार टाळ्या पडतात आणि शेवट मोकळ्या ‘या’वर होतो, म्हणून दुकानातून हाक मारल्यासारखी म्हणता येते. वृत्तात लिहायचं असेल तर मात्रा मोजा, पाटीसाठी कान पुरे.

आता एक करा. कुणाला तरी ही ओळ एकदाच ऐकवा आणि दुसऱ्या दिवशी विचारा. जो शब्द गळून पडेल तो मुळात जास्तीचा होता.

पोपटी
माया म्हणजे पैसा ना? ‘आत माया’ म्हणजे गल्ल्यात माया असं वाटलं मला 😄

सुईदोरा
मावशीला काल ऐकवली होती. आज म्हणाली, ‘माप चोख, माया आत.’ शब्द सगळे राहिले, क्रम उलटला. हे चांगलं की वाईट?

खडूफळा
शब्द राहिले म्हणजे काम झालं. पण मावशींच्या क्रमाने ‘त’वर ओळ खटकन बंद होते. मी ‘माया’ शेवटीच ठेवीन. घरात मावशींचा वट असेल तर तुम्ही बघा.

पोपटींची शंका मात्र खरी आहे. ज्यांनी कधी ब्लाऊज सैल करून घेतलाय त्यांना लगेच कळेल, कॉलेजच्या मुलींचं सांगता येत नाही.

सुईदोरा
आईला आवडली, पण ती म्हणते की मुलींना ‘माया’ समजावत बसायला तिला वेळ नाही. पाटी थांबवते. आधी पावतीपुस्तकावर छापते, काउंटरवर कोण काय विचारतं ते आई बघेल.

पोपटी
पावतीपुस्तक पिवळं घ्या.