शब्दचर्चा: इस्तिहसान आणि मसलहा मुरसला

अनुवादक: इस्लामी कायदेशास्त्रावरचा एक लेख मराठीत करतेय. 'इस्तिहसान'ला 'चांगले मानणे' आणि 'मसलहा मुरसला'ला 'लोकहित' लिहिलं, तर दोन्ही एकच वाटायला लागलं. फरक कसा दाखवू?

टिंबटिंब: इस्तिहसान म्हणजे काझीला जे बरं दिसेल ते. हसन, हुस्न त्याच धातूतले. 'स्वविवेक' लिहा की.

मोडीवाचक: धातू बरोबर, अर्थ निम्मा. हाच आक्षेप इमाम शाफिईंनी घेतला होता, पण हनफी पंथाच्या कायदेपंडितांना तो मान्य नव्हता. समजा, मी पायाचं माप देऊन जोडा शिवायला सांगितला आणि किंमत ठरवली. जोडा अजून जन्मालाही आलेला नाही. जवळ नसलेली वस्तू विकू नये, हा नियम. त्यावरून कियास केला तर सौदा बाद. पण पिढ्यान्‌पिढ्या लोक असेच जोडे शिवून घेत आले, कुणी हरकत घेतली नाही. म्हणून हनफींनी इथे कियास सोडून सौदा वैध धरला. कारण दाखवावं लागतं, नुसती पसंती चालत नाही. (आपला 'कयास' तोच शब्द, मराठीत तो अंदाजावर आला, तिथे ठाऊक नियमावरून तशाच प्रकरणाचा निकाल काढणं.)

पैठणी: माझ्या शिंप्याने ब्लाउजपीस हरवला आणि चोरीला गेला म्हणतोय. भरपाई मागता येते का?

मोडीवाचक: ताई, इथला कायदा वेगळा, पण दुसऱ्या शब्दाचं उदाहरण तुम्ही आयतंच दिलंत. कापड शिंप्याकडे अमानत असतं, आणि हलगर्जीपणा नसेल तर अमानत सांभाळणाऱ्यावर भरपाई येत नाही. मग कुणीही 'चोरीला गेलं' म्हणून मोकळा होईल, आणि गिऱ्हाइकाला ते खोटं पाडता येणार नाही. म्हणून कारागिरावर जबाबदारी टाकली. त्याशिवाय लोकांचं निभणार नाही, असं हजरत अलींचं म्हणणं सांगतात. या हिताला कुराण-हदीसमध्ये नेमका दुजोरा नाही आणि नकारही नाही. ते सुटं राहिलंय, म्हणून 'मुरसला'. मालिकी पंथाचा यावर विशेष भर.

टिंबटिंब: आणि सगळी पेठच जळाली तर? शिंप्याने काय करावं?

मोडीवाचक: खरी खोच तिथेच आहे. हनफी पंथ ज्यांच्या नावाने चालतो त्या अबू हनीफांच्या मते त्याच्या हातून नुकसान झालं नसेल तर भरपाई नाही. त्यांचेच शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद त्याला जबाबदार धरतात, पण अशी टाळता न येणारी आग सोडून.

अनुवादक: म्हणजे सल्लामसलतीतली 'मसलत' हीच! आणि 'मुरसला' आपल्या 'इरसाल'च्या घरातला. मजकुरात 'सुटं हित' वाचायला विचित्र वाटेल, तरी तेच ठेवावं म्हणते. इस्तिहसानला 'सकारण अपवाद' चालेल?

मोडीवाचक: मला 'अपवाद' खटकतो. हिंस्र जनावराचं उष्टं पाणी अशुद्ध, कारण त्यात लाळ उतरते. त्या हिशोबाने ससाण्याचंही अशुद्ध ठरेल. पण ससाणा चोचीने पितो, चोच म्हणजे कोरडं हाड, लाळ पाण्यात उतरतच नाही. म्हणून हनफी ते पाणी अशुद्ध म्हणत नाहीत, टाळलेलं बरं एवढंच म्हणतात. यालाही ते इस्तिहसानच म्हणतात, आणि इथे अपवाद कुठला? वरवरच्या कियासाखाली दडलेला दुसरा कियास आहे.

अनुवादक: मग जोडा आणि ससाणा दोघांना पुरेल असा एकच शब्द कुठून आणू?