गुरुवारची वाडी–औदुंबर यात्रा रद्द : पैसे परत आणि पुढची तारीख

सचिव, बेळगाव (मंगळवार, सकाळ)

मंडळींनो, नमस्कार.

परवा गुरुवारी निघणारी नृसिंहवाडी–औदुंबर यात्रा रद्द केली आहे. आज सकाळी सहा वाजता कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 41 फूट 3 इंचांवर होती. इशारा पातळी 39 आणि धोका पातळी 43 फूट. गेल्या आठ तासांत पाणी एक फूट चढलं. याच गतीने उरलेले 21 इंच चौदा तासांत भरतील, म्हणजे रात्री आठच्या सुमाराला नदी धोक्यावर जाईल. वाडीच्या मंदिरात पाणी आलंच आहे, उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेली आहे. 43 जणांत सत्तरीपुढचे अकरा आहेत, त्यांना घेऊन निघणं योग्य नाही.

माणशी 1,800 रुपये घेतले होते. त्यातले 300 बसच्या आगाऊ रकमेत गेले. बसवाला ते परत देणार नाही, पण डिसेंबरअखेरपर्यंतच्या कुठल्याही तारखेला धरणार आहे. शिध्याचे 50 खर्च झाले. खोल्यांचे 200 दोन दिवस आधी कळवल्यामुळे पूर्ण परत आले. म्हणून नाव काढणाऱ्याला आत्ता 1,450 मिळतील, आणि त्याच्या जागी दुसरं कोणी आलं तर बसचे 300 सुद्धा. पुढच्या तारखेला येणाऱ्यांनी काहीच करायचं नाही.

रविवार रात्रीपर्यंत उत्तर द्या. ज्या खात्यातून पैसे आले, त्याच खात्यात परत जातील. परदेशातल्या मंडळींनी मात्र एनआरओ खातं कळवावं, इथले रुपये एनआरई खात्यात जमा होत नाहीत.

सभासद, दुबई

सचिवसाहेब, घाई होते आहे असं वाटतं. आमच्या टिळकवाडीत दोन दिवस ऊन आहे, आईशी आत्ताच बोललो. बेळगाव जिल्ह्याला पिवळाच इशारा आहे. हायवे बंद झाला तर चिकोडीवरून कुरुंदवाडला जाता येतं. आम्ही सुट्टी मोजून आलो आहोत, परत कधी जमेल सांगता येत नाही.

सभासद, निपाणी

दादा, पिवळ्या इशाऱ्याचं तुमचं म्हणणं खरं आहे, पण टिळकवाडीच्या उन्हाचा वाडीच्या पाण्याशी संबंध नाही. तिथलं पाणी महाबळेश्वर, कोयना आणि राधानगरीकडचं. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात, एकेकातून 1,428 क्युसेक. घाटात पाऊस थांबला तरी ते पाणी शिरोळपर्यंत यायला वेळ लागतो. शिवाय वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेला वाट मिळत नाही, फुगवटा मागे कोल्हापुराकडे चढतो. त्यामुळे चढलेलं पाणी उतरायला जास्त दिवस लागतात.

चिकोडीचा रस्ता तर आधी जातो. कल्लोळ–यडूर आणि मलिकवाड–दत्तवाड हे बंधारे पहिल्या पुरातच पाण्याखाली असतात. हायवेचं म्हणाल तर 2021 च्या जुलैत आमच्या यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी रस्त्यावर आलं आणि वाहतूक थांबली. 2019 ला पुढे शिरोलीला तसंच झालं. बस तिथे अडकली तर मागेही वळता येत नाही, मागे ट्रकांची रांग असते.

सभासद, पुणे

मला एवढंच विचारायचं होतं की माझं बुधवारचं पुणे–बेळगाव रेल्वेचं तिकीट तुम्ही परत देणार का? मी आत्ताच रद्द करून टाकते म्हणजे झालं.

सचिव, बेळगाव

ताई, ते तिकीट मंडळाने काढलेलं नाही, ते पैसे आम्हाला देता येत नाहीत. पण आज घाईने रद्द करू नका. तुम्ही स्वतः रद्द केलं तर रेल्वे कपात करते. गाडी रेल्वेनेच रद्द केली तर ई-तिकिटाची पूर्ण रक्कम आपोआप परत येते. गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा असेल आणि तुम्हाला जायचं नसेल, तर ती सुटण्याआधी टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरा. मात्र गाडी वेळेवर धावणार असं दिसलं तर कपात सोसूनच तिकीट रद्द करावं लागेल, आणि जितक्या उशिरा रद्द कराल, तितकी कपात जास्त. बुधवारी सकाळी गाडीची स्थिती पाहून ठरवा.

सभासद, न्यू जर्सी

माझे 1,450 परत नकोत. शिरोळच्या पूरग्रस्तांना द्या. इतरांनीही तसंच करावं, सगळे मिळून 62,350 होतात.

सभासद, निपाणी

काका, भावना मोठी आहे, पण मंडळाच्या खात्यातून असं वळवता येणार नाही. तुम्ही आता अमेरिकेचे नागरिक, ओसीआय कार्ड असलं तरी कायद्याने तुमची देणगी विदेशी अंशदानच ठरते. त्यासाठी एफसीआरए नोंदणी लागते, ती मंडळाकडे नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्या दुबईच्या दादांनी स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलं तर गोष्ट वेगळी. तुमचे पैसे आधी तुमच्याकडे परत येऊ देत, मग नोंदणी असलेल्या संस्थेला तुम्ही थेट द्या.

सचिव, बेळगाव

बरोबर आहे, काकांचे पैसे परतच पाठवतो.

नव्या तारखेचं अजून ठरलेलं नाही. दसऱ्यानंतरचा गुरुवार माझ्या मनात आहे, तेव्हा नदीचा घाट मोकळा असतो आणि वयस्कर मंडळींना पायऱ्या कोरड्या मिळतात. दत्तजयंतीची मागणी दोघांनी केली आहे, पण त्या गर्दीत 43 जणांना खोल्या मिळणं कठीण. दुबईच्या दादांना ऑक्टोबरमध्ये जमत नाही हे लक्षात आहे. रविवारी नावं हाती आल्यावर बसवाल्याशी बोलून कळवतो.